शेंदाड आणि एक लपलेला अ

आत्याच्या ओसरीवर, परळीच्या बाजूच्या तिच्या गावी, भाच्याने मोबाइल भिंतीला टेकवून उभा केला आणि आम्ही तिघे पाहू लागलो. चार मिनिटांचा व्हिडिओ होता. महामृत्युंजय मंत्राचा प्रत्येक शब्द पडद्यावर यायचा, खाली रोमन लिपीत त्याचा उच्चार, त्याखाली मराठी अर्थ, आणि मागे गुरुजींचा संथ आवाज. संहिता मी लिहिली होती. एकतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवल्याच्या भरवशावर दोन संध्याकाळींत लिहून काढली होती, आणि त्याचा थोडासा अभिमानही होता. दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास 'उर्वारुकम् इव' हे शब्द आले, त्याखाली 'काकडीप्रमाणे' असे आले, आणि एक हिरवीगार काकडी वेलावरून अलगद सुटून खाली आली. आत्या ज्वारी निवडत होती. तिने सुपातला हात थांबवला आणि म्हणाली, "काकडी कुठं आपून देठ सोडती रे? ती तोडावी लागती."

भाचा हसला. मी हसलो नाही.

तिचे म्हणणे इतके उघड होते की त्यावर उत्तर नव्हते. काकडी आपण कोवळी खातो. वेलाला धरून पिरगाळून किंवा चाकूने देठ कापून काढतो, आणि ती काढली नाही तर पिवळी, जून होऊन वेलालाच लोंबत राहते. मंत्रात मात्र सुटण्याची उपमा आहे. जे फळ सुटत नाही, ते सुटण्याच्या उपमेला कसे चालेल? मी विद्यार्थ्यांच्या अठ्ठावीस-तीस तुकड्यांना 'उर्वारुक म्हणजे काकडी' असे सांगितले होते, कारण मला तसे सांगितले गेले होते आणि कोशातही काकडीच्या जातीचे फळ असेच काहीसे मिळते. कोशाची चूक नव्हती. जातीचे फळ म्हणजे काकडीच, हे मी माझ्या मनाने ठरवून टाकले होते.

"मग कोणतं फळ?" भाच्याने विचारले. आत्याने सूप पुन्हा हलवले. "शेंदाड म्हण. पिकलं की नुसता हात लागला तरी हातात येतं. वेलाला कळत बी नाही."

शेंदाड हा शब्द आता शहरातल्या मुलांना 'शेंदाड शिपाई' या शिवीतूनच माहीत असतो, आणि तो घाबरट माणूस फळाशी कसा जोडला गेला हे त्यांना कुणी सांगत नाही. आम्हाला मात्र ते फळच आठवते. कापसाच्या, ज्वारीच्या रानात कुणी न लावता येणारा तो वेल, जमिनीवर पसरलेला, पानांना बारीक काटेरी लव. भादव्यात त्याची फळे पिवळी पडू लागली की पाटाच्या कडेने चालताना वास आधी यायचा, फळ नंतर दिसायचे. तो वास गोड आणि थोडा आंबूस असतो, खरबुजासारखा, पण अधिक रानटी. काही फळे पिकून आपोआप तडकत, त्यांच्या फटीत मुंग्या लागत. कच्चे काढलेले हमखास कडू निघायचे आणि शर्टाला पुसून खाल्लेला तो पहिला घास थुंकावा लागायचा. म्हणून आम्ही मुले फळ ओढून पाहत नसू. त्याला खालून बोटाने जरासे उचलत असू. देठ सुटले तर ते आपले, नाही सुटले तर ते वेलाचे. खरबुजाच्या जातीत हे पक्वतेचे लक्षणच आहे. फळ पिकत आले की देठ जिथे फळाला मिळते तिथे पेशींचा एक पातळ थर मोकळा होत जातो, देठाभोवती बारीकशी भेग गोल फिरते, आणि एके दिवशी फळाचे वजनच त्याला वेगळे करायला पुरते. कलिंगडाचे असे होत नाही, काकडीचे होत नाही. म्हणजे मंत्रातल्या उपमेला काकडीच्या कुळातले असे फळ हवे, जे पिकते, सुटते आणि पिकताना वास देते. वासाची गोष्ट मला आत्याच्या ओसरीवरच सुचली. पहिल्याच ओळीत 'सुगन्धिम्' आहे. हे विशेषण देवाचे आहे, फळाचे नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही पहिल्या ओळीतला वास आणि तिसऱ्या पादातले, म्हणजे चरणातले, फळ एकाच रानातले आहेत असे वाटत राहिले. हे व्याकरण नव्हे, माझी खोड आहे, म्हणून ते संहितेत घातले नाही.

घरी परतल्यावर मी संहिता पुन्हा उघडली. एक शब्द चुकला म्हणजे बाकीचे तपासायला हवेत. भाच्याने ठरवलेली चौकट सोपी होती: आधी पूर्ण मंत्र एकदा, मग एकेक शब्द, मग पूर्ण मंत्र दोनदा. गुरुजी संथ म्हणतात, एका अक्षराला साधारण अर्धा सेकंद. बत्तीस अक्षरांना सोळा सेकंद, आणि पहिली ओळ झाल्यावर एक श्वास. ही मोजणी करायला बसलो तेव्हाच पहिला अडथळा आला. छंद अनुष्टुभ, म्हणजे प्रत्येक पादात आठ अक्षरे हवीत. 'त्र्यम्बकं यजामहे' मोजले तर सात भरतात. 'सुगन्धिं पुष्टिवर्धनम्' आठ. 'उर्वारुकमिव बन्धनान्' नऊ. 'मृत्योर्मुक्षीय मामृतात्' आठ. एकूण बत्तीस बरोबर येते, पण एक पाद उपाशी आणि एक जास्त जेवलेला. पहिला पाद 'त्रियम्बकं' असा म्हटला तर आठ होतो, आणि तिसऱ्यात 'इव' नुसते 'व' असे ऐकले तर तोही आठ होतो. मंत्राच्या लिखित रूपात संधी घट्ट बसल्या आहेत, कानाला मात्र कधीकाळी त्या सैल ऐकू येत असाव्यात. पडद्यावर मी 'त्र्यम्बकं' हेच ठेवले, कारण गुरुजी तसेच म्हणतात. आवाज आणि अक्षर यांत फरक दिसला की ऐकणारा गोंधळतो.

दुसरा अडथळा जास्त गंमतीचा होता. शब्द वेगळे करायचे म्हणजे पदपाठ पाहायचा, ही शिक्षकाची पहिली सवय. ऋग्वेदाच्या शाकल्यकृत पदपाठात प्रत्येक मंत्राचे शब्द संधी सोडवून दिलेले असतात. हा मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या एकोणसाठाव्या सूक्तातला बारावा, म्हणजे शेवटचा. सूक्त मरुतांचे आहे आणि शेवटी एकदम त्र्यंबक येतो. पदपाठ शोधला तर तो सापडेना. संपूर्ण ऋग्वेदात ज्या सहा मंत्रांना शाकल्याने पदपाठ दिलेला नाही, त्यांतला हा एक आहे. घरोघरी म्हटला जाणारा मंत्र, आणि नेमकी त्याचीच फोड करून ठेवलेली नाही! का, याची कारणे विद्वान देतात. मला त्या रात्री फक्त एवढेच जाणवले की शब्द सोडवण्याची जबाबदारी आता माझ्यावर होती.

आणि ती सगळ्यात जड होती शेवटच्या शब्दावर.

'मामृतात्' हा शब्द पडद्यावर मी 'मा मृतात्' असा तोडून ठेवला होता. हात सवयीने चालला होता. अर्थाच्या जागी पूर्ण वाक्याचा अर्थ लिहिला होता, त्यामुळे तोडणीतली चूक नजरेतून सुटली. पण 'मृतात्' म्हणजे मृतापासून, आणि 'मा' म्हणजे नको. पडद्यावर जे दिसत होते ते शब्दशः वाचले तर 'मृतापासून नको' असे निघत होते, म्हणजे नेमके उलट. खरी फोड 'मा अमृतात्' अशी आहे. 'मा'तला आ आणि 'अमृतात्'चा अ मिळून पुन्हा आच होतो, म्हणून अ दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि तरी सगळा अर्थ त्याच्यावर तोललेला आहे. मृत्यूपासून मी सुटावे, अमृतापासून सुटू नये.

ही फोड माझ्या मनाची नाही, याची खूण मला दुसऱ्या एका ठिकाणी मिळाली आणि ती मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडली. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत, तिसऱ्या अध्यायात 60व्या क्रमांकावर हा मंत्र येतो आणि त्याला लागूनच त्याची एक धाकटी बहीण येते. त्र्यंबकाच्या होमात कुमारिका अग्नीला फेरी घालताना ती म्हणत. पहिली ओळ जवळपास तीच, फक्त 'पुष्टिवर्धनम्'च्या जागी 'पतिवेदनम्', म्हणजे पती मिळवून देणारा. आणि दुसरी ओळ: 'उर्वारुकमिव बन्धनादितो मुक्षीय मामुतः'. 'इतः' म्हणजे इथून, 'अमुतः' म्हणजे तिथून. शतपथ ब्राह्मण सांगते की 'इथून' म्हणजे माहेरच्या लोकांपासून आणि 'तिथून' म्हणजे पतीपासून. फळ देठापासून सुटते तशी मी इथून सुटावे, तिथून सुटू नये. इथे 'मामुतः' म्हणजे मा अमुतः, यात शंकेला जागाच नाही, आणि साचा तोच आहे: एका गोष्टीपासून सुटका, दुसरीपासून नको. आमच्या भागात मुलीची पाठवणी होताना आया जे बोलतात, ते या ओळीपासून फार लांब नसते. मरणाच्या मंत्राच्या शेजारी लग्नाचा मंत्र, आणि दोन्हीकडे तेच पिकलेले फळ. हे आत्याला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग बराबर हाय की. पोरगी बी पिकल्याबिगर देऊ नाही." आत्याचे स्वतःचे लग्न बाराव्या वर्षी झाले होते.

'अमृतात्' निश्चित झाले की त्याच्या उजेडात 'मृत्योः' हा शब्दही सरळ होतो. हे रूप पंचमीचे आणि षष्ठीचे एकच असते, म्हणून 'मृत्यूच्या बंधनातून' असेही लावता येते आणि बरेच जण तसेच लावतात. पण 'अमृतात्' केवळ पंचमी आहे. दोघांची जोडी आहे, तेव्हा 'मृत्योः' ही पंचमीच घ्यावी आणि 'बन्धनात्' फळाकडे जाऊ द्यावे, तिथे त्याचा अर्थ देठ. मी अर्थाच्या ओळीतून 'मृत्यूचे बंधन' काढून टाकले. आणखी एक गोष्ट मी शब्दांच्या खाली बारीक अक्षरांत ठेवली: 'यजामहे' म्हणजे आम्ही यजन करतो, आणि 'मुक्षीय' म्हणजे मी सुटावे. पूजा अनेकांची, सुटका एकाची. अर्थ लिहिणारे घाईत दोन्हीकडे 'आम्ही' करून टाकतात.

आता हे सारे पडद्यावर आणायचे म्हणजे भाच्याचे काम, आणि तिथे देवनागरीने आपला हट्ट दाखवला. त्याने अक्षरे गुरुजींच्या आवाजाबरोबर रंगत जावीत असे केले होते. 'मृत्योर्मुक्षीय' इथे रंग चुकू लागला. र् चा उच्चार 'त्यो'च्या शेवटी होतो, पण लिहिताना तो रफार होऊन 'मु'च्या डोक्यावर बसतो. गुरुजी 'त्योर्' म्हणत तेव्हा 'त्यो'पर्यंतच रंग यायचा आणि रफार काळाच राहायचा. तो पुढच्या अक्षराबरोबर रंगे, आवाज निघून गेल्यावर. भाच्याने दोन तास त्यावर घालवले. शेवटी आम्ही अक्षरागणिक रंगवणे सोडले आणि पूर्ण पाद एकदम उजळायचा असे ठरवले. शब्द वेगळे दाखवताना मात्र 'मृत्योः' असा विसर्ग लिहिला, म्हणजे रफाराचा प्रश्नच राहिला नाही. रोमन लिपीचाही वाद झाला. आपण मराठी माणसे ऋ चा उच्चार रु करतो, म्हणून त्याने 'Mrutyor' लिहिले होते. हिंदीत तोच रि होतो आणि 'Mrityor' होतो. शिवाय 'mamritat' असे लिहिले की पहिला a ऱ्हस्व आहे की दीर्घ हे कळत नाही, आणि आमचा सगळा खटाटोप त्या दीर्घ आसाठी होता. म्हणून चिन्हांची लिपी घेतली आणि वाचणाऱ्यांसाठी सुरुवातीला एका ओळीत सांगितले की अक्षरावर आडवी रेघ असेल तर ते लांब म्हणायचे. चौथ्या पादाचा तुकडा शेवटी असा झाला:

```
4
00:00:12,500 --> 00:00:16,500
मृत्योर्मुक्षीय माऽमृतात्
mṛtyor mukṣīya mā'mṛtāt
```

'मा' आणि 'मृतात्' यांच्यामधले ते ऽ हे अवग्रहाचे चिन्ह. काही पोथ्यांत ते छापतात, काहींत छापत नाहीत. लपलेला अ इथे आहे, एवढेच ते सांगते. शब्दशः भागात हे चिन्ह तीन सेकंद एकटे उजळते, मग 'मा' आणि 'अमृतात्' दोन बाजूंना सरकतात. संपूर्ण व्हिडिओत तेवढी एकच हालचाल मी मागून घेतली. बाकी पडद्यावर उडणारी फुले, झळाळणारे त्रिशूळ, हे भाच्याने घातले होते ते काढायला लावले. त्याला ते आवडले नाही.

या 'अ'ने मला इतके का छळले, याचे कारण मंत्रात नाही. वडील शेवटच्या आजारात अंबाजोगाईला दवाखान्यात होते, तेव्हा मी त्यांच्या उशाशी हाच मंत्र म्हणत होतो. एका रात्रीत माळेच्या अकरा फेऱ्या. शेजारच्या खाटेवरचा मुलगाही कधीकधी जीभ हलवून साथ द्यायचा. मला तेव्हा शेवटच्या शब्दाची सवय होती ती अशी: 'मुक्षीय' म्हटल्यावर थोडे थांबायचे, मग 'मा' वर जोर, मग एक बारीकसा तुटका श्वास, मग 'मृतात्'. म्हणजे मी दर वेळी तो अ गिळत होतो. आणि अर्थ? अर्थ मनात एकच होता: यांना जाऊ देऊ नकोस. वडील ब्याऐंशी वर्षांचे होते, त्यांनी तीन दिवस अन्न घेतले नव्हते, हाताला सुया टोचायला जागा उरली नव्हती. मंत्र काय मागत होता आणि मी काय मागत होतो, हे दोन निरनिराळे होते, हे एकतीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्याच्या त्या रात्री लक्षात आले नाही. आता आले म्हणून मी त्या रात्रीला चूक म्हणतो का, तर तसेही म्हणवत नाही. पुन्हा तशी रात्र आली तर मी बहुधा तेच मागेन, फक्त उच्चार नीट करेन.

अर्थाची ओळ सात वेळा लिहिली. शेवटी ठेवली ती अशी: 'सुगंधी, पोषण वाढवणाऱ्या त्र्यंबकाचे आम्ही यजन करतो. पिकलेले शेंदाड देठापासून सुटते तसे मी मृत्यूपासून सुटावे, अमृतापासून नको.' भाच्याचे म्हणणे पडले की शेंदाड म्हटले तर पुण्या-मुंबईकडच्यांना कळणार नाही, खरबूज म्हणूया. आम्ही बराच वेळ वाद घातला. मी त्याला एवढेच सांगितले की काकडी सगळ्यांना कळली होती आणि चुकीची कळली होती. तडजोड म्हणून शेंदाडाचे चित्र दाखवायचे ठरले. मग चित्र कुठून आणायचे, हा प्रश्न आला. त्याने शोधलेली छायाचित्रे एकतर खरबुजाची होती नाहीतर भलत्याच कडू फळांची. म्हणून व्हिडिओचा तेवढा एक भाग रिकामा ठेवून भादव्याची वाट पाहिली.

भादव्यात तो कॅमेरा घेऊन आला. आत्याच्या रानात कापूस गुडघ्याच्या वर गेला होता, सऱ्यांत चिखल होता आणि वास आलाच. आत्याने काठीने पाने बाजूला केली आणि एक पिवळे, मुठीएवढे फळ दाखवले. भाचा पोटावर झोपला, कॅमेरा देठाशी नेला, मायक्रोफोनही लावला. देठ सुटल्याचा आवाज हवा होता त्याला. मी खालून बोट लावले. फळ माझ्या हातात आले. मायक्रोफोनमध्ये कापसाच्या पानांची सळसळ तेवढी आली.

"मामा, फोकस गेला," भाचा म्हणाला. "परत एकदा करा."

परत कसे करणार? दुसरे फळ शोधले. तेही पिवळे दिसत होते. मी बोट लावले, हलले नाही. जरा जोराने उचलले तर वेलच वर आला. भाचा म्हणाला, थोडे ओढा, एडिटिंगमध्ये दिसणार नाही. आत्याने काठी मध्ये घातली.

"राहू दे त्याला. आठ दिवसांनी या."